साडेसात बादल्यांचं मशीन

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या जुन्या टॉप लोड मशीनने मान टाकली. अकरा वर्षांचं होतं, तक्रार करायला जागा नव्हती. कपडे घुसळायचं, पाणीही सोडायचं, पण पिळायची वेळ आली की घरघर करून थांबायचं. मेकॅनिकने खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "ताई, गिअरबॉक्स गेलाय. नवा टाकून देतो, पण चार-साडेचार हजार जातील. आणि खाली पत्रा बघा किती गंजलाय."

त्याच आठवड्यात लिफ्टमध्ये सेक्रेटरींची नोटीस लागली: पाणी सकाळी ६ ते ८:३० आणि संध्याकाळी ६:३० ते ८. आम्ही वाघोलीत राहतो. २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत गेलं, पण आमच्या सोसायटीची भिस्त अजून टँकर आणि दोन बोअरवरच आहे. सात मजली इमारत, आम्ही तिसऱ्यावर. घरात पाच माणसं: आम्ही दोघं, दोन शाळकरी मुलं आणि सासूबाई. म्हणजे रोज एक लोड ठरलेला.

दुकानात जाण्याआधी मी एक काम केलं, ते आधीच्या अकरा वर्षांत कधीच सुचलं नव्हतं. जुनं मशीन किती पाणी पितं ते मोजलं. पिळणं सोडून बाकी सगळं चालत होतं, त्यामुळे धुणं आणि दोनदा खळबळणं एवढंच लावलं, आणि मशीनचा सोडपाइप २० लिटरच्या बादलीत धरला. नवरा पाइप धरून, मी बादल्या बदलत. धुण्याचं पाणी अडीच बादल्या, पहिल्या खळबळण्याचं अडीच, दुसऱ्याचं अडीच. साडेसात बादल्या, म्हणजे १५० लिटर. आठवड्याला हजाराच्या वर. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "आणि मी दोन तांबे जास्त घेतले की तुम्ही मला बोलता."

टॉप लोडला एवढं पाणी का लागतं ते टबात डोकावलं की कळतं. टब उभा असतो, आणि कपडे पाण्यात पूर्ण बुडून तरंगल्याशिवाय फिरतच नाहीत. फ्रंट लोडचा ड्रम आडवा. तळाशी थोडंसंच पाणी, कपडे त्यात भिजतात, वर उचलले जातात आणि पुन्हा खाली आपटतात. नदीवर दगडावर आपटून धुण्याचाच प्रकार, फक्त डब्यात बंद. म्हणून दुकानदार म्हणाला तेव्हा मला पटलं, "निम्म्यापेक्षा कमी पाणी मॅडम." पण त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. पाणी किती वेळ येतं, कितव्या मजल्यावर राहता, नळाला जोर किती, काही नाही.

जोराचं मात्र मी घरी येऊन बघितलं, कारण मशीनच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलं होतं की पाण्याचा दाब किमान ०.३ बार हवा. हा आकडा भीतिदायक नाही. पाण्याची टाकी नळापासून १० मीटर उंच असेल तर दाब साधारण १ बार भरतो, म्हणजे ०.३ बारला ३ मीटर उंची पुरते. आम्ही सातपैकी तिसऱ्या मजल्यावर, डोक्यावर चार मजले आणि मग गच्चीतली टाकी. आमच्याकडे दाब भरपूर. मशीनच्या नळाखाली १० लिटरची बादली लावली, ती ४० सेकंदांत भरली.

मधे सेमी ऑटोमॅटिकचाही विचार झाला, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. पाणी खरंच कमी वापरायचं असेल आणि घरात उभं राहायला माणूस असेल, तर त्याला तोड नाही. साबणाच्या त्याच पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, मग पायपुसणी. सासूबाईंचं मत त्यालाच होतं. पण आम्ही दोघंही साडेआठला घराबाहेर पडतो, आणि दर दहा मिनिटांनी ओले कपडे एका टबातून दुसऱ्यात टाकायचं काम शेवटी त्यांच्याच पाठीवर आलं असतं. त्यांची पाठ त्या कामाची राहिलेली नाही.

८ किलोचं फ्रंट लोड घेतलं, ३४ हजारांना. त्याच कंपनीचं ७ किलोचं टॉप लोड १९ हजारांना होतं. हा फरक पाण्याच्या बचतीतून भरून निघेल असं मी नवऱ्याला सांगितलं आणि तो हिशोब अर्धा खोटा निघाला, ते पुढे येईल.

मशीन ड्राय बाल्कनीत बसलं. आता सोडलेलं पाणी मला वाया घालवायचं नव्हतं. इतकी मोजामोज केल्यावर गटारात जाणारं पाणी बघवत नाही. ते फ्लशला, बाल्कनी धुवायला चालणार होतं. पहिल्या रविवारी पाइप बादलीत सोडला, तर पंपाच्या जोराने तो उसळून बाहेर पडायचा. मग मी शक्कल लढवली. मशीनच्या मागे पाइप एका क्लिपमध्ये उंच अडकवलेला होता, तो तिथून सोडवला, जमिनीवर सरळ पसरला आणि त्याचं तोंड एका पसरट घमेल्यात ठेवलं. घमेल्यातून मगने बादलीत भरत बसायचं. माझ्यासारखी हुशार मीच.

मशीन सुरू केलं. आत पाणी येण्याचा आवाज आला आणि तो थांबेचना. एरवी दोन-तीन मिनिटांत थांबतो. काचेतून बघितलं तर कपडे जेमतेम ओले. आणि घमेलं भरत होतं! पंप चालूच झालेला नव्हता, तरी पाइपातून फेसाळ पाणी शांतपणे वाहत होतं. मी मगने उपसतेय, घमेलं वाहून बाल्कनीत पाणी, सासूबाई पाय वर घेऊन खुर्चीवर. आधी वाटलं आत काहीतरी फुटलं. दहा-बारा मिनिटांनी मशीन स्वतःच थांबलं आणि पॅनलवर नळाचं चिन्ह लुकलुकायला लागलं. पाणी येत नाही, अशी त्याची तक्रार. इकडे चार बादल्या गेल्या होत्या.

दोष मशीनचा नव्हता. मशीनच्या आत पाणी अडवून धरायला खाली कुठला झडप-दरवाजा नसतो. ड्रमच्या तळापासून पंप, पंपापासून पाइप, असा मार्ग उघडाच असतो. पाइपाचं तोंड ड्रममधल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच असतं, एवढ्यावरच पाणी आत राहतं. मी तोंड जमिनीला टेकवलं आणि जे पाणी आत येत होतं ते तसंच उतारावरून बाहेर जात होतं. ड्रममध्ये पातळी चढत नाही, म्हणून मशीन आणखी पाणी घेतं. आणखी घेतलेलं आणखी वाहून जातं. पुस्तिकेत हे चित्रासकट होतं: पाइपाचं तोंड जमिनीपासून ६० ते १०० सेंटिमीटर उंच हवं, आणि ते साठलेल्या पाण्यात बुडलेलं नको. बुडालं तर उंचीवर असूनही पाणी ओढलं जाऊ शकतं, किंवा बाहेरचं घाण पाणी परत आत येऊ शकतं.

हे मी सविस्तर सांगतेय, कारण नंतर चौकशी केली तर आमच्याच बिल्डिंगमध्ये दोघांनी पाणी वाचवायला हेच केलं होतं. एकाच्या घरी तर महिनाभर "मशीन नीट धुवत नाही" म्हणून तंत्रज्ञ येऊन गेला. ओळखायची खूण सोपी आहे. पाणी आत येत असताना सोडपाइपाच्या तोंडाशी थेंबही दिसता कामा नये.

उपाय म्हणून १०० लिटरचा निळा प्लास्टिकचा ड्रम आणला. कमरेच्या जरा खाली येतो. पाइप त्याच्या काठावरून आत वाकवला, सुतळीने घट्ट बांधला, तोंड काठापासून चार बोटंच आत. पंपाला तेवढं चढवणं सहज जमतं. प्लंबरकडून ड्रमच्या तळाशी एक तोटी बसवून घेतली. हे पाणी एका दिवसात संपवायचं, दुसऱ्या दिवशी त्याला वास येतो. झाडांना मी घालत नाही, साबणाच्या पाण्याने तुळस रुसते.

त्या ड्रमचा दुसरा उपयोग असा झाला की तोच आमचा मीटर बनला. बादली बादली ओतून मार्करने दर १० लिटरला रेघ मारली. आणि पहिल्याच पूर्ण लोडला रेघ दिसली ८४! दुकानदाराने निम्म्याहून कमी सांगितलं होतं, हे निम्म्याहून जास्त. वेळही वाढत होता. पॅनलवर १२ मिनिटं राहिली म्हणायचं आणि पाऊण तास संपायचं नाही. काचेआड नुसता फेस.

जुन्या मशीनची पावडर डबाभर उरली होती, ती मी संपवत होते. नेहमीची पावडर, नेहमीचा चमचा. बुडून धुवायच्या टबात जो फेस चालतो, तो थोड्या पाण्यात आपटणाऱ्या ड्रममध्ये उशीसारखा भरतो. कपडे आपटतच नाहीत, त्या उशीवर पडतात. मशीनला फेस कळतो, मग ते स्वतःहून थांबून फेस बसू देतं आणि जास्तीचं एक खळबळणं घालतं. फ्रंट लोडची कमी फेसाची पावडर आणली आणि तीही सांगितल्यापेक्षा थोडी कमीच टाकली. पुढच्या रविवारी रेघ ६२ वर आली. त्याच कपड्यांना २२ लिटरचा फरक, नुसत्या चमच्याचा.

सासूबाईंना हे ६२ लिटर पटायला वेळ लागला. "एवढ्याशा पाण्यात साबण निघतो का?" हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. आमच्या टँकरच्या पाण्यात क्षार भरपूर. सोसायटीने तपासून घेतलं तेव्हा लिटरला ४८० मिलिग्रॅम कठीणपणा निघाला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत योग्य धरतात, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. अशा पाण्यात साबण काम कमी करतो आणि सुती कपड्यात अडकून बसतो. त्यांच्या साड्या वाळल्यावर कडक लागायच्या. म्हणून त्यांच्या साड्या आणि चादरींना मी खळबळण्याचं एक जास्तीचं बटण दाबते. तेव्हा रेघ ७५ च्या आसपास जाते. बाकी कपड्यांना नाही.

आता पैशांचं. रोजच्या एका लोडऐवजी मोठ्या ड्रममुळे आठवड्याला पाच लोड पुरतात. पाच लोड म्हणजे सव्वातीनशे लिटर धरा. आधीचे १०५०. आठवड्याला ७०० लिटर वाचले, वर्षाला ३६ हजार, म्हणजे १० हजार लिटरचे साडेतीन टँकर. आमच्याकडे टँकर बाराशेला पडतो, त्या हिशोबाने चार हजार रुपये. नवऱ्याने कागद उलटा करून विचारलं, "हे चार हजार आपल्याला कोण देणार?" कोणी नाही. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये सगळ्या फ्लॅटमध्ये सारखा वाटला जातो. आमची बचत ८४ घरांत वाटली जाते. माझ्या वाट्याला वर्षाचे पन्नास रुपयेही येत नाहीत. प्रत्येक फ्लॅटला पाण्याचा मीटर असता तर गोष्ट वेगळी. मला जे मिळालं ते पैशांत नाही, सकाळी आठला बाथरूममध्ये भरलेल्या बादल्यांत मिळालं.

मे महिन्यात मात्र या मशीनने मला रडवलं. पाणी सकाळी ६:३० ते ७:३०, संध्याकाळी ७ ते ८, एवढंच झालं. टॉप लोड पाऊण-एक तासात उरकायचं. हे सुती कपड्यांना दोन तास दहा मिनिटं घेतं. त्या दोन तासांत प्रत्यक्ष पाणी आत येण्याचा वेळ मोजला तर दहा मिनिटंही नाही, पण तो सुरुवातीपासून जवळजवळ शेवटपर्यंत विखुरलेला. पहिला घोट सुरुवातीला, शेवटचा घोट संपायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी. पाण्याच्या वेळा अडीच तासांच्या होत्या तोवर सहाला बटण दाबलं की बसत होतं. एका तासात कसं बसणार?

पहिल्या दिवशी नळ गेला तेव्हा साबणातले कपडे आत, दार कुलूपबंद, आणि नळाचं चिन्ह लुकलुकतंय. टॉप लोड असतं तर झाकण उघडून दोन बादल्या ओतल्या असत्या. फ्रंट लोडचंही जमतं, पण रडतखडत. मशीन पुन्हा सुरू करायचं, साबणाचा कप्पा बाहेर ओढायचा आणि त्यात मगने हळूहळू पाणी घालत राहायचं. मशीन पाणी नळाचं की मगचं ते बघत नाही, फक्त पातळी बघतं. पुरेशी झाली की ड्रम फिरायला लागतो. एका खळबळण्याला साधारण पंधरा मग गेले, तेही घाई केली की कप्प्यातून उसळून फरशीवर. शाळेच्या बसची वेळ, आणि मी मशीनला घास भरवत उभी.

मग वाटलं, बाथरूमच्या लॉफ्टवर २०० लिटरची टाकी आहे, तीच मशीनला जोडू. प्लंबर आला, वर बघितलं, खाली मशीनकडे बघितलं आणि म्हणाला, "जोडून देतो, पण चालणार नाही." तो बरोबर होता आणि हिशोब मला आधीच यायला हवा होता. लॉफ्ट सात फुटांवर, मशीनचा पाणी घेण्याचा तोंडनळ तीन फुटांवर. मधली उंची जेमतेम सव्वा मीटर, दाब ०.१२ बार. लागतो ०.३. मधे छोटा प्रेशर पंप घालता येतो, पण त्याचा खर्च आणि सकाळी सहाला त्याचा आवाज, दोन्ही आम्हाला नको होते.

शेवटी प्रोग्रॅम बदलला. ५५ मिनिटांचा रोजचा प्रोग्रॅम, पण त्यात कपडे निम्मे, चार किलोच. ६:३० ला नळाला सूं आवाज आला की बटण. अर्ध्या लोडला रेघ ४५ वर येते, ३१ वर नाही. कपडे निम्मे केले म्हणून पाणी निम्मं होत नाही. म्हणजे तेवढ्याच कपड्यांना ६२ ऐवजी ९० लिटर. मे महिन्यात बचत अशी आक्रसली, तरी जुन्या दीडशेपेक्षा बरी.

जूनच्या सुरुवातीला पुन्हा नळाचं चिन्ह आलं, आणि या वेळी नळाला पाणी धो धो. तंत्रज्ञाला बोलवायच्या आधी नळ बंद करून मशीनच्या मागचा पाइप फिरवून काढला. जिथे पाइप बसतो तिथे आत बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची जाळी असते. ती पकडीने ओढून काढली, तर चहाचं गाळणं चोथ्याने भरावं तशी तांबूस गाळाने भरलेली. उन्हाळ्याच्या शेवटी टँकर तळाचं पाणी आणतो, ते सगळं इथे अडकलं होतं. जुन्या टूथब्रशने घासली, परत बसवली, काम झालं. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी जाळी, आणि दोन महिन्यांतून एकदा रिकामा ड्रम सगळ्यात गरम प्रोग्रॅमवर, आत शंभर ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे हीटरवरचा क्षार सुटतो. दाराचं रबर पुसून दार किलकिलं ठेवायचं, नाहीतर काळं पडतं आणि कपड्यांना कुबट वास येतो. टॉप लोडने यातलं काही कधी मागितलं नव्हतं.

या सगळ्यात सातव्या मजल्यावरच्या काकूंनी माझा निळा ड्रम बघितला आणि त्यांनाही फ्रंट लोडच हवं झालं. मी म्हटलं, आधी बादली लावा. गच्चीतली टाकी त्यांच्या डोक्यावरच, त्यामुळे दाब सगळ्यात कमी त्यांनाच. सकाळी सहाला टाकी भरलेली असताना त्यांची १० लिटरची बादली अडीच मिनिटांत भरली. साडेसातला, टाकी तळाला गेल्यावर, चार मिनिटं. इतक्या धारेवर फ्रंट लोड वाट बघून बघून तक्रार करत बसलं असतं. त्यांनी टॉप लोड घेतलं, आणि त्यांच्यासाठी तेच बरोबर होतं. भरून ठेवलेल्या पिंपातून त्या स्वतःच बादल्या ओततात. शेवटच्या खळबळण्याचं पाणी वेगळं धरून पुढच्या लोडला धुण्यासाठी वापरतात, त्यामुळे त्यांचं रोजचं शंभर लिटरमध्ये भागतं. फ्रंट लोडमध्ये हे जमणारं नाही. सासूबाई त्यांच्याकडे जाऊन आल्या की दोन दिवस मला ऐकवतात.

जुलैमध्ये सोसायटीने वरच्या दोन मजल्यांसाठी गच्चीत प्रेशर पंप बसवला. त्याच संध्याकाळी काकूंचा फोन. "अगं, आता धार बरी आहे. धाकटीच्या लग्नात देऊ का हे तिला आणि घेऊ का तुझ्यासारखं?"

मी विचारलं, "बादली लावलीत का? आणि कधी?"

"सकाळी. एक मिनिट झालं असेल."

"संध्याकाळी पावणेआठला लावा, पंप बंद व्हायच्या आधी."

आठ वाजता पुन्हा फोन आला. दोन मिनिटं दहा सेकंद.

"थांबा काकू," मी म्हटलं, "अजून नाही."